जमीन आपलीच आहे, मग प्रकल्पात तिची किंमत किती धरायची?

कंपनीच्या मालकीची एक रिकामी जमीन आहे आणि तिच्यावर नवा कारखाना उभारण्याचा विचार चालू आहे. प्रस्ताव तयार करायला बसलं की पहिल्याच पानावर वाद होतो. एकाचं म्हणणं असतं, जमीन आपलीच आहे, तिच्यासाठी खिशातून एक पैसाही जाणार नाही, तेव्हा तिची किंमत शून्य धरा. दुसऱ्याला ते पटत नाही. तो म्हणतो, जमीन घेताना पैसे मोजले होते, ताळेबंदात ते दिसतायत, तेवढे तरी धराच. दोघांची भूमिका वरवर रास्त वाटते आणि दोघांचाही आकडा चुकीचा असतो. या एका चुकीमुळे नाकारायला हवा असा प्रकल्प मंजूर होऊ शकतो, आणि तो कसा होतो हे आपण एका उदाहरणावर आकड्यांसकट पाहू.

दोन संज्ञा आधी स्पष्ट करून घेऊ. जो खर्च झालेला आहे आणि आज कोणताही निर्णय घेतला तरी परत मिळणार नाही, तो बुडीत खर्च. एखादी वस्तू या कामाला लावल्यामुळे तिच्या दुसऱ्या सर्वांत चांगल्या उपयोगातून मिळू शकलं असतं पण आता मिळणार नाही, ते उत्पन्न म्हणजे संधी-खर्च. स्वतःच्या जमिनीत हे दोन्ही एकाच वेळी असतात. तिची जुनी खरेदी बुडीत खर्चात जाते आणि तिची आजची किंमत संधी-खर्चात. म्हणूनच नवख्या माणसाची गल्लत इथेच सर्वांत जास्त होते.

उदाहरणातले आकडे असे धरू. सगळे लाखांत आहेत, चलन कोणतंही समजा. जमीन १२ वर्षांपूर्वी ५० ला घेतली होती. आज ती ३०० ला विकली जाईल. इमारत आणि यंत्रं यांवर आत्ता ५०० खर्च येईल. त्यानंतर ८ वर्षं दर वर्षी कर भरून ११५ हातात राहतील. आठव्या वर्षाअखेर इमारत आणि यंत्रं यांतून निव्वळ काही मिळणार नाही, पण जमीन मात्र जागच्या जागी असेल. कंपनीला अशा गुंतवणुकीवर १२ टक्के परतावा हवा असतो, म्हणून भविष्यातले पैसे आजच्या किमतीत आणण्याचा वटावाचा दर, म्हणजे बोलण्यातला डिस्काउंट रेट, १२ टक्के. याशिवाय माती परीक्षण आणि व्यवहार्यता अहवालाचं १२ चं कंत्राट देऊन झालं आहे, त्यातले ८ चुकते केले आहेत आणि ४ द्यायचे बाकी आहेत.

पायरी १ : दोन रकाने आखा

कागदावर मधोमध एक रेघ मारा. डावीकडे लिहा ‘प्रकल्प केला तर’, उजवीकडे लिहा ‘प्रकल्प नाही केला तर’. आता प्रत्येक रक्कम दोन्ही बाजूंना लिहून पाहा. जी रक्कम दोन्ही रकान्यांत सारखीच येते ती खोडून टाका. जी एकाच रकान्यात येते किंवा दोन्हीकडे वेगळी येते, तीच हिशोबात राहते.

जमिनीचे जुने ५० घ्या. प्रकल्प केला तरी ते गेलेले आहेत, नाही केला तरी गेलेलेच आहेत. खोडा. व्यवहार्यता अहवालाचे दिलेले ८ही तसेच खोडा. बाकी राहिलेले ४ मात्र थोडं थांबून पाहायला हवेत, कारण ‘पैसे अजून दिलेले नाहीत’ आणि ‘खर्च अजून टाळता येतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंत्राटात ते देणं बंधनकारक असेल, तर प्रकल्प सोडला तरी ते द्यावेच लागतील आणि तेही दोन्ही रकान्यांत येतात. तेव्हा खिशातून अजून गेले नसले तरी ते बुडीतच. कंत्राट आज रद्द करून ते वाचवता येत असतील, तर ते प्रकल्पाच्या बाजूला लिहायचे. आपल्या उदाहरणात ते बंधनकारक आहेत असं धरू आणि पूर्ण १२ बाजूला ठेवू.

आता उजवा रकाना नीट भरा. बहुतेक प्रस्तावांत तो कोराच राहतो. प्रकल्प नाही केला तर जमीन विकता येते, भाड्याने देता येते, किंवा तशीच ठेवता येते. यातली जी वाट सर्वांत जास्त देते तिची रक्कम उजवीकडे येते, आणि प्रकल्पाने ती संधी बंद केली म्हणून डावीकडे तोच खर्च ठरतो.

पायरी २ : विक्रीतून खरोखर हातात किती येईल ते काढा

जमिनीची किंमत ३०० आहे म्हणून संधी-खर्च ३०० असं लिहून मोकळं होऊ नका. विक्री केली असती तर मध्यस्थाची दलाली आणि कागदपत्रांचा खर्च मिळून समजा १० गेले असते. उरले २९०. त्यावर कर लागतो, पण तो पूर्ण २९० वर नाही, नफ्यावर लागतो. नफा म्हणजे २९० वजा जुनी खरेदी ५०, म्हणजे २४०. कर २५ टक्के धरला तर ६० झाले. हातात राहिले २९० वजा ६०, म्हणजे २३०. आपला संधी-खर्च हा आहे.

इथे थोडं रेंगाळण्यासारखं आहे. ज्या ५० ना आपण पहिल्या पायरीत खोडलं, ते करातून पुन्हा डोकावले. यात विसंगती नाही. खर्च म्हणून ते अजूनही बुडीतच आहेत, पण आज विकल्यावर सरकारला किती द्यावं लागेल हे त्या जुन्या आकड्यावर ठरतं, आणि तो कर भविष्यातला, टाळता येण्यासारखा पैसा आहे. जमीन ५० ऐवजी २०० ला घेतली असती, तर नफा फक्त ९० झाला असता, कर २२.५ लागला असता आणि विक्रीतून २६७.५ हातात आले असते. म्हणजे पूर्वी महागात घेतलेल्या जमिनीचा संधी-खर्च थोडा जास्त निघतो, पण तो कमी झालेल्या करामुळे. दर आणि सवलती देशोदेशी वेगळ्या असतात, त्यामुळे या ओळीवर कर सल्लागाराची सही घ्यावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. जमिनीच्या हिशोबात तपासायला सर्वांत सोपी आणि तरी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी ओळ हीच.

बाजारभाव कुठून आणायचा, हाही प्रश्न येतो. जवळपासच्या अलीकडच्या व्यवहारांचे भाव, स्वतंत्र मूल्यांकनकाराचा अहवाल, किंवा कुणी खरोखर दिलेली लेखी ऑफर यांवर विसंबा. ताळेबंदातला आकडा इथे उपयोगाचा नाही. जमिनीचं आयुष्य अमर्याद मानलं जातं म्हणून तिच्यावर घसारा लावत नाहीत, आणि कंपनीने पुनर्मूल्यांकन केलेलं नसेल तर पुस्तकात वर्षानुवर्षं तोच जुना खरेदीचा आकडा बसून राहतो. पुस्तकी किंमत जुनी असल्याचं हे साधं लक्षण ओळखता आलं पाहिजे.

पायरी ३ : भाड्याची वाट तपासा, पण दोन्ही वाटा एकदम मोजू नका

समजा ही जमीन भाड्याने दिली तर कर भरून वर्षाला १५ मिळतील. मग संधी-खर्चात विक्रीचे २३० आणि शिवाय भाड्याचे १५ असे दोन्ही लिहायचे का? नाही. विकलेली जमीन भाड्याने देता येत नाही. दोन वाटांपैकी एकच निवडता येते, म्हणून मोठी असेल तीच मोजायची.

तुलना करायची तर दोन्ही आजच्या किमतीत आणावी लागतात. आठ वर्षांचं भाडं १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं की साधारण ७५ होतात. त्यात एक गोष्ट मिळवायची आहे. भाड्याने दिलेली जमीन आठ वर्षांनंतरही आपलीच असते आणि तेव्हा ती विकता येते. ती रक्कम आज १३५ च्या आसपास ठरते (ती कशी काढायची ते पुढच्या पायरीत). एकूण २१०. विक्रीचे २३० त्याहून जास्त आहेत, म्हणून आपली पर्यायी वाट विक्रीच.

पायरी ४ : शेवटी जमीन परत मिळते, ते जमेला धरा

संधी-खर्चाची कल्पना नुकतीच पटलेली माणसं इथे उलट दिशेने चुकतात. ती सुरुवातीला २३० खर्च लावतात आणि तिथेच थांबतात. पण कारखाना जमीन संपवून टाकत नाही. आठ वर्षांनी ती पुन्हा मोकळी होते आणि विकता येते. तो पैसा प्रकल्पाच्या जमेत लिहिला नाही, तर प्रकल्पावर अन्याय होतो.

जमिनीचा भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर आठ वर्षांनी तो सुमारे ४४३ होईल. विक्रीखर्च १३ वजा केला की ४३० राहिले, जुनी खरेदी ५० वजा केल्यावर नफा ३८०, त्यावर कर ९५, हातात ३३५. ही रक्कम आठ वर्षांनंतरची आहे. १२ टक्के दराने तिची आजची किंमत १३५ होते.

स्प्रेडशीटमध्ये हे दोन आकडे असे मिळतात. पहिली ओळ दर वर्षीच्या ११५ ची आजची किंमत देते, दुसरी जमिनीच्या ३३५ ची :

```
=PV(12%,8,-115)
=335/1.12^8
```

पहिल्या ओळीचं उत्तर ५७१ आणि दुसरीचं १३५ यायला हवं. ११५ च्या आधी वजाचं चिन्ह विसरलात तर पहिलं उत्तर उणे दिसेल, त्याने गोंधळून जाऊ नका.

पायरी ५ : चारही हिशोब शेजारी मांडा

जमीन फुकट धरली तर ५७१ वजा ५००, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, आजच्या किमतीतल्या जमेतून खर्च वजा जाता उरणारी रक्कम, अधिक ७१. प्रकल्प मंजूर.

जुने ५० आणि अहवालाचे १२ खर्चात धरले तर ५७१ वजा ५६२, म्हणजे अधिक ९. प्रकल्प तरीही मंजूर, जरी काठावर. आणि हा हिशोब करणाऱ्याला वाटत असतं की आपण फार काटेकोर आहोत.

आजचा संधी-खर्च २३० धरला पण शेवटी मिळणारी जमीन सोडून दिली, तर ५७१ वजा ७३०, म्हणजे उणे १५९. प्रकल्प फेटाळला, तोही तावातावाने.

दोन्ही टोकं धरली, सुरुवातीला २३० खर्च आणि शेवटी १३५ जमा, तर ५७१ अधिक १३५ वजा ७३०, म्हणजे उणे २४. प्रकल्प फेटाळायचा, पण थोडक्यासाठी.

तिसऱ्या आणि चौथ्या हिशोबाचा निर्णय एकच आहे, मग फरक कशाला पाहायचा असं वाटेल. फरक व्यवस्थापनाला सांगायच्या पुढच्या वाक्यात आहे. उणे १५९ भरून काढायला दर वर्षी आणखी ३२ कमवावे लागतील, म्हणजे ११५ चे १४७. तेवढी उडी सहसा जमत नाही आणि विषय संपतो. उणे २४ भरून काढायला वर्षाला जेमतेम ५ जास्त पुरतात. यंत्राचा पुरवठादार बदलून किंवा दुसरी पाळी चालवून ते कदाचित जमेल. शेवटची जमीन विसरणारा हिशोब अशा सुधारता येण्याजोग्या प्रकल्पाकडे पाहूसुद्धा देत नाही.

आता या उत्तराची मर्यादा. उणे २४ हा आकडा दोन गृहीतांवर उभा आहे, जमिनीच्या भावाची ५ टक्के वाढ आणि तिच्या विक्रीच्या रकमेला लावलेला १२ टक्के दर. कारखान्याच्या धंद्यात जेवढी जोखीम आहे तेवढीच जमिनीच्या भावात असेल असं नाही. जमीन कमी जोखमीची मानून फक्त त्या ३३५ ना ९ टक्के दर लावला, तर त्यांची आजची किंमत १६८ होते आणि एकूण उत्तर अधिक ९ येतं. निर्णय फिरला. म्हणून मी अशा प्रस्तावात एकच आकडा कधी ठेवत नाही. भाववाढ आणि दर यांच्या दोन-तीन जोड्या घेऊन उत्तर किती हलतं ते दाखवावं. उत्तर सगळ्या जोड्यांत उणे असेल तर निर्णय पक्का. ते शून्याच्या दोन्ही बाजूंना झुलत असेल तर निर्णय जमिनीच्या भावावर अवलंबून आहे, हे सरळ लिहावं. कारखान्याचा प्रस्ताव जमिनीच्या भाववाढीवर टिकून असेल तर मंजुरी देणाऱ्याला ते आधी कळायला हवं.

पायरी ६ : हमखास येणाऱ्या हरकतींना उत्तर तयार ठेवा

‘आपण ती जमीन तशीही विकणार नव्हतोच’ ही हरकत सर्वांत जास्त ऐकू येते. तिला उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारा : विकता येत नव्हती की विकायची नव्हती? विकायची नव्हती, एवढंच असेल तर संधी-खर्च तसाच उभा राहतो. विकण्याचा हक्क हातात होता, तो आता गुंतला. पण विकायला कायदेशीर मनाई असेल, जमीन मूळ देणाऱ्याच्या अटीने बांधलेली असेल, किंवा तो तुकडा चालू कारखान्याच्या मधोमध असा अडकला असेल की कुणी घेणार नाही आणि भाड्यानेही जाणार नाही, तर उजव्या रकान्यात लिहायला खरोखरच काही नसतं. तेव्हा संधी-खर्च शून्य, आणि जमीन फुकट म्हणणारा अशा एका प्रसंगी बरोबर असतो. मग शेवटची विक्रीही जमेला धरायची नाही, कारण विकताच येत नाही.

आणखी एक प्रकार थोडा वेगळा आहे. जमीन आज रिकामी आहे, पण चार वर्षांनी दुसऱ्या विस्तारासाठी लागणार आहे हे ठरलेलं आहे. ती आज या प्रकल्पाने व्यापली, तर चार वर्षांनी त्या विस्तारासाठी दुसरीकडे जमीन घ्यावी लागेल. इथे या प्रकल्पाचा खर्च आजच्या विक्रीची रक्कम नसून, चौथ्या वर्षी करावी लागणारी ती खरेदी, आजच्या किमतीत आणलेली. दोन रकाने पुन्हा आखले की हे आपोआप दिसतं.

‘इतका खर्च करून अहवाल बनवला, आता मागे कसं फिरायचं’ ही हरकत मात्र हिशोबाची नाही, मनाची आहे. ती ओळखता यावी म्हणून एक प्रयोग सांगतो. १९८५ मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी एका नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही ग्राहकांना पूर्ण दराने तिकिटं दिली, काहींना सवलतीत. हंगामाच्या पहिल्या सहामाहीत पूर्ण पैसे मोजलेल्यांनी सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकं पाहिली. पैसे तर दोघांचेही गेलेले होते. प्रस्तावाच्या बैठकीत कुणी ‘आजवर केलेला खर्च वाया जाईल’ म्हणालं, की त्यांना शांतपणे विचारा : तो खर्च झालाच नसता आणि अहवाल कुणी भेट म्हणून दिला असता, तर आपण आज काय ठरवलं असतं? उत्तर बदलत असेल तर बुडीत खर्च निर्णयात शिरला आहे.

जुन्या खर्चाने जमिनीची आजची किंमत वाढली असेल, तर तेवढी वाढ मात्र हिशोबात येते. पूर्वी सपाटीकरण केलं, रस्ता काढला, त्यामुळे भाव वाढला, तर ती वाढ ३०० मध्ये आधीच मोजलेली आहे. तिच्यासाठी वेगळी ओळ लिहिली की तीच रक्कम दोनदा येते.

पायरी ७ : प्रकल्प सुरू झाल्यावर हिशोब पुन्हा करा

समजा व्यवस्थापनाने उणे २४ असूनही प्रकल्प केला. तीन वर्षं झाली, दर वर्षी ठरल्याप्रमाणे ११५ मिळाले. आता कुणीतरी तुमचा जुना कागद काढून म्हणतो, हा प्रकल्प मुळातच चुकीचा होता, बंद करा आणि जमीन विका.

आज दोन रकाने नव्याने आखा. इमारत आणि यंत्रांचे ५०० आता बुडीत झाले आहेत, दोन्हीकडे सारखेच. बंद केलं तर जमीन ठरलेल्या भाववाढीने सुमारे ३४७ ला जाईल, खर्च आणि कर वजा जाता हातात २६५ येतील. वापरलेली यंत्रं विकून समजा ८० मिळतील. बंद करण्याची किंमत ३४५. चालू ठेवलं तर उरलेल्या पाच वर्षांच्या ११५ ची आजची किंमत ४१५ होते, आणि शेवटच्या जमिनीच्या ३३५ ची पाच वर्षं आधीची किंमत १९०. एकूण ६०५. चालू ठेवणंच फायद्याचं, आणि तेही बऱ्याच फरकाने.

सुरू करायला नको होता तोच प्रकल्प आता बंद करायला नको. यंत्रांवर खर्च करण्याआधी ते ५०० टाळता येत होते, आता येत नाहीत, आणि अर्धी वापरलेली यंत्रं विकून त्यांचा छोटासा भागच परत येतो. म्हणून उलट बाजूचा मोह दिसला, म्हणजे ‘५०० घातलेत म्हणून चालू ठेवू’ असं कुणी म्हटलं, तर निर्णय बरोबर असला तरी कारण चुकीचं आहे हे टिपणात नोंदवा. कारण उद्या कुणी शेजारच्या भावापेक्षा बरीच जास्त, कर आणि खर्च जाऊन ५२५ हातात देणारी एकवेळची ऑफर आणली, तर त्यात यंत्रांचे ८० मिळून ६०५ होतात आणि दोन्ही बाजू बरोबरीत येतात. त्याहून एक रुपया जास्त मिळाला तर विकावं. ‘५०० घातलेत’ हे कारण धरून बसलेल्या माणसाला ती ऑफर दिसणारच नाही.